थरांचे स्तंभ की जोडस्तंभ? विभागांचा खर्च नेमका कशात दिसतो

नगरपरिषदेचं अंदाजपत्रक हाती आलं की त्यात आकड्यांच्या तक्त्यांच्या जोडीला एखादा रंगीत आलेख असतो. बहुतेक वेळा तो थरांचा असतो: प्रत्येक विभागाचा एक उंच स्तंभ आणि त्यात पगार, देखभाल, भांडवली कामे असे एकावर एक रंग. शाळेच्या गणितात याला विभाजित स्तंभालेख म्हणतात. तेच रंग एकमेकांशेजारी जमिनीवर उभे केले की झाला जोडस्तंभालेख. दोन्हींत माहिती तीच असते, पण वाचणाऱ्याला दिसतं ते वेगळं.

एक मानीव नगरपरिषद घेऊ. आकडे फक्त उदाहरणासाठी बेतलेले आहेत, सगळे कोटी रुपयांत.

| विभाग | पगार | देखभाल | भांडवली | एकूण |
|---|---|---|---|---|
| पाणीपुरवठा | 6 | 11 | 15 | 32 |
| स्वच्छता | 14 | 12 | 4 | 30 |
| बांधकाम | 5 | 8 | 22 | 35 |
| शिक्षण | 18 | 3 | 6 | 27 |

आता थरांचा आलेख डोळ्यांसमोर आणा. तळाशी पगार, मध्ये देखभाल, वर भांडवली. बांधकामाचा स्तंभ सर्वांत उंच आणि शिक्षणाचा सर्वांत बुटका, हे लगेच कळतं. पगारही नीट कळतो, कारण ते चारही तुकडे एकाच रेघेवर उभे आहेत. देखभालीचं मात्र तसं होत नाही. पाणीपुरवठ्याचा देखभालीचा तुकडा 6 पासून 17 पर्यंत जातो आणि स्वच्छतेचा 14 पासून 26 पर्यंत. कोणता मोठा? इथे डोळ्याला दोन्ही तुकड्यांची खालची आणि वरची कड धरून मनातल्या मनात वजाबाकी करावी लागते, आणि डोळा वजाबाकीत कच्चा असतो. 11 आणि 12 मधला फरक या आलेखात जवळजवळ हरवतोच. स्वच्छतेचा तुकडा मोठा वाटलाच, तर तो जास्त उंचीवर तरंगतो आहे म्हणून.

सगळ्यात वरच्या थरात याहून मोठा घोटाळा होतो. स्वच्छतेची भांडवली कामे 4 कोटींची आहेत, पण तो तुकडा 26 ते 30 या पट्ट्यात बसतो. शिक्षणाची 6 कोटींची, पण तिचा तुकडा 21 ते 27 मध्ये. वरची कड पाहणाऱ्याला स्वच्छता विभाग भांडवली कामांत पुढे वाटतो. प्रत्यक्षात ती कड भांडवली खर्च सांगतच नाही, ती विभागाचा एकूण खर्च सांगते. सभागृहात कुणी ‘कचऱ्याला एवढी मोठी कामं कशी काय?’ असं विचारलं, तर आधी आलेखाकडे बघावं.

या फरकाचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोघांनी 1984 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पन्नासेक जणांना जोडस्तंभांचे आणि थरांचे आलेख दाखवले, प्रत्येकात दोन तुकड्यांवर ठिपके ठेवले आणि विचारलं: यातला लहान कोणता, आणि तो मोठ्याच्या किती टक्के आहे? मोजपट्टी वापरायची नाही, झटकन नजरेने सांगायचं. मग उत्तर खऱ्या टक्क्यांपासून किती हुकलं ते मोजलं. ज्या तुकड्यांचा तळ एकाच रेघेवर होता तिथे चूक कमी झाली. तरंगत्या तुकड्यांची नुसती लांबी ताडायची होती तिथे चूक साधारण 1.4 ते 2.5 पट झाली. म्हणजे आपली नजर ‘कड कुठे आहे’ हे चांगलं सांगते, ‘पट्टी किती लांब आहे’ हे तितकंसं नाही. पुढे 2010 मध्ये जेफ्री हीर आणि माइक बोस्टॉक यांनी इंटरनेटवरून लोक जमवून तेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हाही चित्र साधारण तेच निघालं.

यातली एक बारीक गोष्ट सहसा निसटते. थरांच्या आलेखातला सर्वांत खालचा थर या प्रयोगातही भक्कम ठरला, कारण त्याला जमीन मिळते. तेव्हा ‘थर वाईट, जोडस्तंभ चांगले’ असा सरसकट निकाल देता येत नाही. थरांच्या आलेखात दोनच गोष्टी खात्रीने वाचता येतात, तळचा थर आणि एकूण उंची. मधल्या थरांना तो आलेख फक्त जागा देतो. म्हणून खर्चाचं कोणतं शीर्ष, म्हणजे पगार, देखभाल की भांडवली, तळाशी बसवायचं हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडू नये. तक्त्यात पहिला रकाना पगाराचा असतो, म्हणून आलेखातही पगार तळाशी जातो. चर्चा भांडवली कामांची असेल तर भांडवली शीर्ष तळाशी न्यावं. 15, 4, 22, 6 हे चार आकडे मग कुणीही वाचेल.

आता जोडस्तंभ. इथे प्रत्येक तुकड्याला जमीन मिळते, त्यामुळे वरचा घोटाळा मिटतो. पण दुसराच उभा राहतो. प्रत्येक विभागापुढे तीन स्तंभ उभे केले की नजर सर्वांत उंच स्तंभावर जाते आणि त्यालाच विभागाचा आकार समजते. शिक्षणाचा पगार 18, पाणीपुरवठ्याचा सर्वांत उंच स्तंभ 15. पाहणाऱ्याला शिक्षण मोठं वाटतं, प्रत्यक्षात ते 27 आणि पाणीपुरवठा 32. तीन स्तंभांची बेरीज नजरेने करणं हे तरंगत्या तुकड्याच्या वजाबाकीपेक्षाही अवघड. एकूण खर्च हाच प्रश्न असेल, तर जोडस्तंभ तो लपवून ठेवतात.

शिवाय जोडस्तंभ दोन तऱ्हांनी जुळवता येतात, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. एक तऱ्हा वरची, विभागवार गट. दुसरी शीर्षवार: आधी पगाराचा गट, त्यात चारही विभाग शेजारी-शेजारी, मग देखभालीचा, मग भांडवलीचा. देखभालीवर जास्त खर्च कोण करतं हा प्रश्न असेल तर विभागवार मांडणीत 11 आणि 12 यांच्या मध्ये दुसरे दोन स्तंभ येतात, नजरेला ते ओलांडून जावं लागतं. शीर्षवार मांडणीत ते दोन स्तंभ अगदी खेटून उभे राहतात आणि एक कोटीची पायरी ठळक दिसते. ज्यांची तुलना करायची ते शेजारी हवेत, इतकं साधं आहे हे. एक्सेलमध्ये आलेख निवडून `Chart Design` मधलं `Switch Row/Column` हे बटण दाबलं की मांडणी उलटते. `Clustered Column` घेऊन थांबणारे पुष्कळ, हे बटण दाबून पाहणारे थोडे.

गंमत म्हणजे स्तंभालेखाच्या इतिहासातला अगदी सुरुवातीचा नमुना जोडस्तंभांचाच आहे. विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये स्कॉटलंडचा व्यापार दाखवताना सतरा देशांपुढे आयात आणि निर्यातीचे आडवे पट्टे जोडीने काढले. त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, काळाची रेषा काढता येईना, म्हणून त्याने हा मार्ग धरला; स्वतःला तो आलेख उणाच वाटत होता.

रुपये बाजूला ठेवून वाटा विचारायचा असेल तर शतमान स्तंभालेख आहे. सगळे स्तंभ 100 टक्क्यांपर्यंत ताणले की खालच्या थराला तळाची रेघ मिळते आणि वरच्या थराला माथ्याची. तीनच शीर्षं असतील तर फक्त मधलं तरंगतं. आपल्या उदाहरणात शिक्षणाचे 67 टक्के पगारात जातात आणि बांधकामाचे 63 टक्के भांडवली कामांत, हे त्यात चटकन दिसतं. पण 27 कोटींचा आणि 35 कोटींचा विभाग इथे सारख्याच उंचीचा होतो. तेव्हा प्रत्येक नावाखाली एकूण रक्कम छापावीच.

आठ विभाग आणि सहा शीर्षं झाली की जोडस्तंभालेखात अठ्ठेचाळीस स्तंभ होतात. त्याची फणी होते, आणि सहा रंगांची सूची बघत बघत ती वाचायची. अशा वेळी मी दोन्ही प्रकार सोडतो आणि छोट्या आलेखांची रांग करतो. डावीकडे विभागांची नावं एकदाच, मग पगार, देखभाल, भांडवली असे प्रत्येक शीर्षाचे वेगळे कप्पे, प्रत्येकात आडव्या पट्ट्या, आणि शेवटचा कप्पा एकूण खर्चाचा. प्रत्येक पट्टीला स्वतःच्या कप्प्याची डावी रेघ मिळते, आणि एकूणही हातचं जात नाही. रंगांची गरजच उरत नाही, त्यामुळे झेरॉक्स काढल्यावर निळा आणि हिरवा एकाच करड्या रंगाचे होण्याचा प्रश्नही मिटतो. आडव्या पट्ट्यांचा आणखी एक फायदा आपल्याकडे फार: ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता विभाग’ हे नाव उभ्या स्तंभाखाली तिरकं करून कोंबावं लागत नाही. पथ्य एकच, सगळ्या कप्प्यांचं माप सारखं हवं. सॉफ्टवेअर प्रत्येक कप्पा आपल्या मनाने ताणतं आणि मग 18 कोटींची पट्टी आणि 22 कोटींची पट्टी सारखी लांब दिसते.

काही आकड्यांपुढे मात्र कोणताच आलेख चालत नाही. केंद्राच्या 2024-25 च्या अर्थसंकल्पात रस्ते मंत्रालयाची तरतूद सुमारे 2.78 लाख कोटींची, त्यातली 2.72 लाख कोटी भांडवली. रेल्वेची सुमारे 2.55, त्यातली 2.52 भांडवली. उरलेला महसुली खर्च थरात काढला तर माथ्यावर दोन बारीक रेघा दिसतात. एक दुसरीहून किती पट मोठी आहे हे कुणाच्याही नजरेला कळणार नाही. जोडस्तंभांतही ते जमिनीलगतचे दोन खुंट राहतात. इथे सरळ तक्ता द्यावा.

आणि एक प्रकार तर थरांत कधीच मांडू नये: तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. 10 कोटींच्या तरतुदीवर 8 कोटींच्या खर्चाचा थर चढवला की 18 उंचीचा स्तंभ होतो, आणि त्या 18 ला काहीच अर्थ नसतो, कारण तो खर्च त्याच तरतुदीतून झालेला असतो. तरीही असे आलेख छापून येतात, कारण मेनूमध्ये `Stacked Column` निवडलं की सॉफ्टवेअर निमूटपणे बेरीज करतं. ओळखायची खूण सोपी आहे: स्तंभाच्या माथ्यावर बोट ठेवावं आणि हा आकडा मूळ तक्त्याच्या ‘एकूण’ रकान्यात शोधावा. तिथे तो नसेल तर ते दोन स्तंभ शेजारी-शेजारी उभे करायला हवेत.