व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीचे मराठी रूपांतर : मराठवाड्यातील उपयोजन

इंग्रजीत तयार झालेली व्यक्तिमत्त्व प्रश्नावली मराठी भाषकांवर वापरता यावी म्हणून तिची नव्याने बांधणी करण्याची पद्धत. विधानांचे मराठी भाषांतर, त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून पाहणे (उलट भाषांतर) आणि विधानाचा अर्थ नव्या समाजात तोच राहतो का, याची पडताळणी (सांस्कृतिक समतुल्यता) हे तिचे मुख्य भाग. येथे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या मराठवाड्यातील जिल्ह्यांची बोलीभाषा समोर ठेवून मुख्यतः एकाच विधानाचा प्रवास तपशिलाने दिला आहे. पद्धतीतील अडचणी त्यातून स्पष्ट दिसतात.

उदाहरणासाठी लुईस गोल्डबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या आंतरराष्ट्रीय व्यक्तिमत्त्व विधानसंग्रहातील 50 विधानांची प्रश्नावली घेतली आहे. तीत बहिर्मुखता, मिळतेजुळतेपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य-अस्थैर्य आणि बुद्धी-कल्पकता या व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांसाठी प्रत्येकी दहा विधाने आहेत. हा संग्रह सर्वांसाठी खुला असल्याने भाषांतराला परवानगी लागत नाही. इतर बहुतेक प्रसिद्ध प्रश्नावल्यांवर प्रकाशकांचा हक्क असतो. त्यांच्याबाबत लेखी परवानगी हेच पहिले काम होय. आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही परवानगीचा मुद्दा आरंभीच येतो.

उलट भाषांतराचा उगम. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या 1970 च्या लेखापासून सुरू झाली, असे पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. क्षेत्रीय संशोधनात भाषांतर तपासून घेण्याची रीत त्याआधीही होती. ब्रिस्लिन यांनी तिला नियम दिले आणि तिच्या मर्यादा प्रयोगाने दाखवल्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ ऑस्वल्ड वर्नर आणि मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी वेगळी भूमिका मांडली. मूळ मजकूर अढळ मानू नये, भाषांतरात जे बसत नाही ते मुळातूनही बदलावे आणि दोन्ही भाषांना सारखा मान द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. ही भूमिका तत्त्वतः अधिक न्याय्य आहे. पण तयार, प्रमाणित प्रश्नावलीचे मूळ बदलता येत नसल्याने ती क्वचितच पाळली जाते.

ब्रिस्लिन यांनी मूळ मजकुराविषयी दिलेल्या सूचना मात्र आजही उपयोगी पडतात. वाक्य सोळा शब्दांपेक्षा लहान असावे, रचना कर्तरी असावी, सर्वनामाऐवजी नाम पुन्हा वापरावे, रूपके आणि वाक्प्रचार टाळावेत. गोल्डबर्ग यांच्या संग्रहात ‘ऑफन फील ब्लू’ (बरेचदा उदास वाटते) आणि ‘ॲम द लाइफ ऑफ द पार्टी’ अशी विधाने आहेत. पहिल्याचे कुणी ‘मला बरेचदा निळे वाटते’ असे भाषांतर केले तर त्यावरून उलट भाषांतर करणारा अचूक मूळ वाक्य लिहून देईल. मराठीत मात्र त्या वाक्याला काहीच अर्थ नाही. चांगला उलट भाषांतरकार वाईट मराठीतूनही मूळ इंग्रजी ओळखतो, ही उणीव खुद्द ब्रिस्लिन यांनीच नोंदवली होती. तरीही अनेक प्रबंधांत ‘उलट भाषांतर मुळाशी जुळले’ एवढाच पुरावा दिलेला आढळतो.

एका विधानाचा प्रवास. भावनिक अस्थैर्याच्या दहा विधानांत ‘वरी अबाउट थिंग्ज’ हे एक आहे. दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे काम करतात. त्यांपैकी एक मानसशास्त्र जाणणारा आणि दुसरा न जाणणारा असावा, आणि निदान एकाचे घर मराठवाड्यात असावे. पहिल्या खेपेला दोघांकडून बहुधा एकच वाक्य येते : ‘मी गोष्टींची काळजी करतो.’ उलट भाषांतरात मूळ वाक्य जसेच्या तसे परत मिळते आणि काम झाले असे वाटते.

खरी अडचण ‘काळजी’ या शब्दात आहे. इंग्रजीत चिंता आणि आस्था यांना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत काळजी ही दोन्ही असते. त्याच प्रश्नावलीत दुसऱ्या घटकासाठी, म्हणजे मिळतेजुळतेपणासाठी, ‘फील लिटल कन्सर्न फॉर अदर्स’ असे उलट गुणांचे, म्हणजे ‘हो’ म्हटल्यावर गुण कमी होणारे, विधान आहे. त्याचे ‘मला इतरांची फारशी काळजी वाटत नाही’ असे मराठी होते, आणि त्याचेही उलट भाषांतर चोख येते. म्हणजे मनाची अस्वस्थता मोजणारे एक विधान आणि माणुसकी मोजणारे दुसरे, दोन्ही एकाच शब्दावर उभी राहतात. ‘तुम्ही काळजी करता का?’ असे विचारल्यावर गावातली बाई मुलांचा, सासू-सासऱ्यांचा, गोठ्यातल्या जनावरांचा विचार करून ‘करावीच लागते की’ म्हणते. हे उत्तर तिच्या जबाबदारीबद्दल असते. ती चिंतातुर स्वभावाची आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

हा दोष उलट भाषांतरात दिसत नाही, बोलत्या मुलाखतीत दिसतो. त्यासाठी प्रत्येक गटातील दहा-पंधरा जणांना विधान वाचून दाखवतात, ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावतात आणि ‘हे ऐकताना कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आला?’ असे विचारतात. प्रसंग मूल तापाने फणफणल्याचा असेल तर विधान आस्था मोजते आहे. अजून काही घडलेले नसताना रात्री झोप न लागल्याचा प्रसंग सांगितला तर ते चिंता मोजते आहे.

पर्याय शोधताना लोकांच्या तोंडचे शब्द एकेक करून तपासावे लागतात. ‘जिवाला घोर लागतो’ हा शब्दप्रयोग सगळ्यांना कळतो, पण तो फार जड आहे. घोर आजारपणात किंवा कर्जात लागतो, रोजच्या चिंतेला तो शब्द कुणी वापरत नाही. त्यामुळे इंग्रजीत ‘हो’ म्हणणारा माणूस इथे ‘नाही’ म्हणतो आणि गुण उगाच खाली येतात. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि उर्दू तिथली राजभाषा होती. त्यामुळे उर्दूतही असलेला ‘फिकीर’ हा शब्द जवळचा वाटतो, पण तो बहुतेक ‘कशाची फिकीर नाही’ अशा नकारातच येतो. ‘टेन्शन’ आज सर्व वयांत चालते. मात्र ‘गेट स्ट्रेस्ड आउट इझिली’ या दुसऱ्या विधानासाठी तोच शब्द हवा असतो. एकच शब्द दोनदा आला की ऐकणारा ‘हे आत्ताच विचारलं की’ म्हणतो. मूळ प्रश्नावलीतील ‘चेंज माय मूड अ लॉट’ आणि ‘हॅव फ्रिक्वेंट मूड स्विंग्ज’ ही दोन विधाने तर मराठीत जवळपास एकच होतात. अशा जोडीमुळे विश्वसनीयतेचा आकडा वाढतो, पण मापन मुळीच सुधारलेले नसते.

मराठवाड्यात चिंता करणाऱ्या माणसाला नेहमी म्हटले जाते ते ‘लई विचार करू नको’. म्हणजे ‘विचार करणे’ हाच त्या भावनेचा रोजचा शब्द. ‘मी फार विचार करतो’ हे उत्तम मराठी आहे, पण त्याचे उलट भाषांतर ‘आय थिंक अ लॉट’ असे येते आणि ते प्रश्नावलीतल्याच पाचव्या घटकातील ‘स्पेंड टाइम रिफ्लेक्टिंग ऑन थिंग्ज’ या विधानाजवळ जाते. शिवाय शिकलेला वाचक त्याकडे विचारी स्वभावाची स्तुती म्हणून पाहतो. म्हणून विचाराचा विषय सांगावा लागतो : ‘काय होईल, कसं होईल, असा विचार माझ्या मनात घोळत राहतो.’ याचे उलट भाषांतर मूळ तीन शब्दांशी जुळत नाही. भाषांतरे तपासणाऱ्या समितीने ते तरीही स्वीकारावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहणारा प्रसंग आता मुळातल्या विधानाला धरून आहे. उलट भाषांतराचा उपयोग चुकून सुटलेला नकार, बदललेला काळ, गळालेला शब्द पकडण्यापुरता मानावा.

‘विचार माझ्या मनात घोळत राहतो’ या वाक्याचा आणखी एक फायदा आहे. मराठीत ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ यांतून लिंग दिसते, इंग्रजीत दिसत नाही. ‘करतो/करते’ अशी तिरकी रेघ मारून वाचणे तोंडी विचारताना अवघड जाते. ‘मनात विचार घोळतो’, ‘मला राग येतो’ अशा रचनांत हा प्रश्न उद्भवत नाही. पण त्या सरसकट वापरू नयेत. ‘मी लोकांचा अपमान करतो’ याऐवजी ‘माझ्याकडून अपमान होतो’ म्हटले की कर्त्याची जबाबदारी सुटते आणि विधान सौम्य होते. क्रियापद रीतिवर्तमानात ठेवावे, हेही महत्त्वाचे. ‘करायलो’, ‘जायलो’ ही या भागातली रूपे चालू क्षणाची आहेत. ती वापरली की माणूस स्वभाव न सांगता या आठवड्याची अवस्था सांगतो, आणि पेरणीच्या दिवसांत ती अवस्था वेगळीच असते.

विधान बदलण्याचा प्रश्न. ‘लाइफ ऑफ द पार्टी’ची अडचण अर्थाहून वेगळी आहे. प्रसंगच बदलतो. मराठवाड्यात ‘पार्टी’ म्हणजे मटणाची, बरेचदा दारूचीही बैठक; तिथे बाई नसतेच. ‘चार माणसं जमली की मी त्यांना हसवत-बोलवत ठेवतो’ असा बदल करता येतो. पुरुषाच्या मनात त्यातून पार येतो आणि बाईच्या मनात हळदीकुंकू. दोन्ही प्रसंग बहिर्मुखतेचेच आहेत, म्हणून फरक चालतो. ‘गेट चोअर्स डन राइट अवे’ हे विधान मात्र असे सुटत नाही. सुनेला घरकाम लगेच करावेच लागते, त्यात तिचा स्वभाव कुठे दिसणार? ‘हाती घेतलेलं काम मी लांबणीवर टाकत नाही’ असे केले तर घरकाम जाते, पण नकार येतो. नकारार्थी विधानावर मराठी माणूस ‘हो’ म्हणाला तर ‘हो, टाकत नाही’ की ‘हो, टाकतो’ हे कळत नाही. त्यामुळे ‘हाती घेतलेलं काम मी लगेच उरकतो’ असे होकारार्थी वाक्य अधिक बरे.

उत्तराच्या पाच पायऱ्यांसाठी ‘बरोबर-चूक’ हे शब्द टाळावेत, त्यांनी परीक्षेची भीती येते. ‘माझ्याबाबत अजिबात खरं नाही’पासून ‘अगदी खरं’पर्यंतची भाषा चालते. न वाचणाऱ्यांसाठी कमी-अधिक भरलेल्या पाच पेल्यांचे चित्र दाखवतात. विचारताना घरातले दुसरे कुणी जवळ नसावे, विशेषतः सुनेला विचारताना सासू.

आकडेवारीची तपासणी. बोलत्या मुलाखतींनंतर विधानामागे पाच ते दहा, म्हणजे 250 ते 500 जणांकडून उत्तरे घेतात. कोणती विधाने एकत्र जातात हे पाहणाऱ्या घटक विश्लेषणात प्रत्येक विधानाचा घटकाशी असलेला संबंध ‘भार’ या आकड्याने दाखवतात. त्यात ‘काळजी’चे जुने वाक्य स्वतःच्या घटकावर 0.30 पेक्षा कमी भार आणि मिळतेजुळतेपणावर जास्त भार दाखवू लागले, तर वर सांगितलेला दोष आकड्यांतही उतरला असे समजावे. दोन्ही भाषा येणाऱ्यांना दोन्ही आवृत्त्या दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने देणे उपयुक्त आहे. निम्म्यांना आधी इंग्रजी, निम्म्यांना आधी मराठी. परंतु असे लोक बहुतेक महाविद्यालयीन असतात आणि मराठी विधान वाचतानाही त्यांच्या मनात इंग्रजी वाक्य असते, म्हणून केवळ त्यांच्या निकालावर विसंबू नये.

मराठी आणि इंग्रजी गटांच्या सरासरीची तुलना करायची तर घटकरचना व भार यांच्याबरोबर विधानांची आरंभपातळीही सारखी असावी लागते, म्हणजे सारख्याच स्वभावाच्या माणसांनी दोन्ही भाषांत विधानाला सारख्याच प्रमाणात ‘हो’ म्हणायला हवे. ‘घोर’सारखा जड शब्द ठेवला की नेमकी हीच अट मोडते. ती पूर्ण न झाल्यास गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात ती इंग्रजी मानके वापरू नयेत आणि मराठवाड्याच्या नमुन्यावर स्वतंत्र मानके करावीत. घरी गोरमाटी बोलणारे बंजारा किंवा दखनी बोलणारे लोक मराठी समजतात, तरीही त्यांच्यासाठी बोलती मुलाखत नव्याने घ्यावी लागते. ‘विचार घोळणे’ त्यांच्याकडे चिंतेचे वाचक असेलच असे गृहीत धरता येत नाही.