नवऱ्याने दिलेले पैसे, बायकोच्या नावाची एफडी: व्याज कोणाच्या खात्यात?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा जळगावच्या सराफ बाजारात घरातला जास्तीचा पैसा बायकोच्या नावावर ठेवायची पद्धत जुनी आहे. हल्ली तिला आणखी एक कारण मिळालं. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत साधारण 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, मग व्याज तिच्या नावावर दाखवलं की झालं, असा सरळ हिशोब मांडला जातो. पण तो हिशोब मोडणारी तरतूद 1937 सालची आहे.

1922 च्या प्राप्तिकर कायद्यात ती दुरुस्ती करून घातली गेली, कारण नवरे बायकोला नावापुरती भागीदार करून उत्पन्न वाटून टाकत. 1961 च्या कायद्यात ती कलम 64 झाली. नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता बायकोला मालमत्ता दिली, तर त्या मालमत्तेतून येणारं उत्पन्न नवऱ्याचंच धरायचं, यालाच जोडणी म्हणतात. बायकोने नवऱ्याला दिलं तरी हेच. 1 जून 1973 पासून सासऱ्याने किंवा सासूने सुनेला दिलेली मालमत्ताही याच नियमाखाली आली.

भेटीच्या कराची गोष्ट वेगळी, आणि गोंधळ इथेच होतो. 1958 पासून भेट देणाऱ्यावर कर होता, तो 1 ऑक्टोबर 1998 पासून गेला. 2004 पासून घेणाऱ्याकडे बघायला सुरुवात झाली. आज वर्षभरात 50 हजारांवर रक्कम विनामोबदला आली तर ती सगळीच करपात्र ठरते, मात्र नवरा-बायको, आईवडील, भावंडं, काका-मामा अशा ठरलेल्या नातेवाइकांकडून आलेली चालते. (मामाने भाच्याला दिलेलं सुटतं, भाच्याने मामाला दिलेलं सुटत नाही, कारण मामाच्या यादीत भाचा नाही.) म्हणून नवऱ्याने दिलेल्या 10 लाखांवर बायकोला कर नाही हे खरं. पण सूट रकमेला आहे. त्या रकमेने पुढे जे कमावलं, त्याचा निर्णय जोडणीचा नियम करतो.

खरा वाद असा होता: नवऱ्याने दिली रोकड, आणि रोकड स्वतः काही कमवत नाही. बायकोने त्या रोकडीतून शेअर घेतले, उरलेले पैसे ठेवीत टाकले. मग लाभांश आणि व्याज ‘नवऱ्याने दिलेल्या मालमत्तेतून’ आलं असं कसं म्हणायचं? तो निर्णय तर तिचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 1972 च्या निकालात याचं उत्तर मिळालं: कायद्यात ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत. पैशाचं रूप बदललं तरी मूळ तेच राहतं, म्हणून उत्पन्न नवऱ्याचंच. शब्दांचा अर्थ म्हणून निकाल बरोबर वाटतो. पण स्वतः अक्कल लढवून पैसा वाढवणाऱ्या बाईला त्यात काहीच श्रेय नाही, हे मला आजही खटकतं.

त्याआधी 1970 मध्ये उलट सूर लागला होता. बापाने अल्पवयीन मुलांना दिलेलं भांडवल भागीदारीत गेलं, तेव्हा नफ्याचा आणि भेटीचा संबंध फार दूरचा मानला गेला. ती वाट 1976-77 च्या कर-निर्धारण वर्षापासून बंद झाली. आता धंद्यात वर्षाच्या पहिल्या दिवशी दिलेल्या पैशाचा जितका वाटा, तितका नफा देणाऱ्याकडे जातो. चाळीसगावात बायकोच्या साडीच्या दुकानात 8 लाखांपैकी 6 लाख नवऱ्याचे असतील, तर पाऊण नफा त्याचा.

एफडीचं बघू. अमळनेरच्या एका व्यापाऱ्याने बायकोला 10 लाख दिले, तिने ते 7 टक्क्यांनी ठेवले. पहिल्या वर्षीचे 70 हजार त्याच्या उत्पन्नात जातील. तो 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह 21,840 रुपये कर. हे 70 हजार तिने त्याच दराने पुन्हा ठेवले, तर दुसऱ्या वर्षी व्याज 74,900. त्यातले 70 हजार पुन्हा त्याचे, पण 4,900 तिचे, कारण व्याजावरचं व्याज तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून आलं. दरवर्षी तिचा वाटा वाढत जातो. व्याज वेगळ्या खात्यात ठेवलं तर तो दाखवता येतो, मूळ ठेवीत मिसळलं तर हिशोब शोधत बसावं लागतं.

बँक टीडीएस तिच्या पॅनवर कापते, म्हणून व्याज तिच्या वार्षिक माहिती पत्रकात दिसतं आणि नवऱ्याच्या विवरणपत्रातून निसटतं. त्याला ते विवरणपत्रातल्या शेड्यूल SPI या तक्त्यात दाखवावं लागतं. कापलेल्या टीडीएसचं श्रेयही त्याच्या पॅनवर घेता येतं, त्यासाठी तिने बँकेला तसं लेखी कळवावं लागतं.

हेच 10 लाख तिला माहेरून वडिलांनी दिले असते, तर भेटही सुटली असती आणि व्याजही पूर्ण तिचंच राहिलं असतं. लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याने दिले असते तरी जोडणी लागली नसती: देताना पती-पत्नीचं नातं असावं लागतं, हे 1963 च्या निकालाने ठरवलं आहे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, जोडणीचं तत्त्व तसंच ठेवलं आहे.