अक्षांश आधी की रेखांश? सरकारी पोर्टलची लेअर क्यूजीआयएसमध्ये कोरी का दिसते

गेल्या पावसाळ्याआधी गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या नदीकाठच्या खाजन शेतांचे बांध आणि मानशी, म्हणजे बांधांतली पाण्याची दारं, आम्ही मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवल्या. फेरीबोटीच्या धक्क्यापासून चालत सुरुवात केली आणि दोन दिवसांत बेटाची कड पूर्ण झाली. हे बिंदू जमीनवापराच्या नकाशावर ठेवून पाहायचे होते. एका सरकारी पोर्टलवर तसा नकाशा डब्ल्यूएमएस या सेवेतून, म्हणजे मागेल तेवढ्या भागाचं चित्र सर्व्हरवरून मिळेल अशा रूपात, उपलब्ध होता. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता घातला, लेअरचं नाव यादीत आलं, `Add` दाबलं, पण पडद्यावर काहीच आलं नाही. चूक झाल्याचा संदेश नाही, लाल पट्टी नाही. डावीकडच्या लेअरच्या यादीत नाव नीट बसलेलं आणि नकाशाच्या जागी नुसता पांढरा पडदा.

असा कोरा पडदा गोव्यात आणि एकूणच भारतात अनेकांनी पाहिलेला असतो. त्यामागे बहुतेक वेळा जे कारण निघतं, ते २००४ साली डब्ल्यूएमएसच्या मानकात झालेल्या एका बदलात आहे. तो बदल समजला की क्यूजीआयएसमधल्या दोन विचित्र नावांच्या चौकटी कशासाठी आहेत तेही कळतं.

ओपन जीआयएस कन्सॉर्टियम ही संस्था १९९४ साली उभी राहिली. एका कंपनीच्या सर्व्हरवरचा नकाशा दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता यावा, एवढा साधा तिचा हेतू होता. तिच्या डब्ल्यूएमएस या मानकाची पहिली आवृत्ती २००० साली आली. तिची कल्पना आजही तीच आहे. तुमचं सॉफ्टवेअर सर्व्हरला सांगतं की मला या चौकोनातला, या लेअरचा, इतक्या पिक्सेलचा नकाशा हवा, आणि सर्व्हर त्याचं चित्र काढून पाठवतो. हा चौकोन सांगण्यासाठी चार आकडे लागतात, त्यांना `BBOX` म्हणतात. सगळा घोळ या चार आकड्यांच्या क्रमाचा आहे.

२००२ साली आलेली १.१.१ ही आवृत्ती फार चालली. तिच्यात क्रम सरळ होता: आधी आडवा आकडा, मग उभा. म्हणजे रेखांश आधी, अक्षांश नंतर. आलेखाच्या कागदावर क्ष आधी आणि य नंतर लिहायची सवय असलेल्या कुणालाही हे पटतं. पण नकाशाशास्त्रात आणि दर्यावर्दी लोकांत रीत उलटी आहे. जहाजाचं ठिकाण सांगताना अक्षांश आधी सांगतात. जगातल्या निर्देशांक पद्धतींची जी सूची सगळे प्रमाण मानतात, ती ईपीएसजीची. तेल शोधणाऱ्या कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी ती सुरू केली, आणि तिच्यात `EPSG:4326` या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीची व्याख्या अक्षांश आधी अशीच आहे. १.१.१ने त्या व्याख्येकडे काणाडोळा केला होता.

२००४ साली १.३.० आली आणि पुढच्याच वर्षी ती आयएसओ १९१२८ हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. मानक व्हायचं तर व्याख्या काटेकोर पाळायला हवी, म्हणून नियम बदलला: ईपीएसजीत जो क्रम लिहिला आहे, तोच `BBOX`मध्ये यावा. एका पॅरामीटरचं नावही `SRS`चं `CRS` झालं. तात्त्विक बाजूने निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण त्याची किंमत पुढच्या वीस वर्षांतल्या प्रत्येक वापरकर्त्याने मोजली. अनेक सर्व्हरांनी १.३.० बोलायला सुरुवात केली, पण आतून आकडे जुन्याच क्रमाने वाचत राहिले. दिवाडीच्या चौकोनाची मागणी दोन्ही आवृत्त्यांत अशी दिसते:

```
VERSION=1.1.1&SRS=EPSG:4326&BBOX=73.86,15.50,73.95,15.55
VERSION=1.3.0&CRS=EPSG:4326&BBOX=15.50,73.86,15.55,73.95
```

दुसरी ओळ नियमाप्रमाणे बरोबर आहे, आणि क्यूजीआयएस तीच पाठवतं. जुन्या क्रमाने वाचणाऱ्या सर्व्हरला मात्र ती अशी कळते: रेखांश साडेपंधरा, अक्षांश जवळजवळ चौऱ्याहत्तर. ही जागा खरोखर पृथ्वीवर आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या नैर्ऋत्येला उघडा समुद्र आहे तिथे ती येते. सर्व्हर तिथला जमीनवापर शोधतो, काहीच सापडत नाही, आणि तो इमानदारीने एक पारदर्शक चित्र पाठवतो. चूक झाली असं त्याला वाटायचं काही कारणच नाही. अक्षांश नव्वदच्या आत असला की आकडा वैध ठरतो, आणि गोव्याचा रेखांश सुमारे ७३.७ ते ७४.३ असल्याने तो नेहमीच नव्वदच्या आत राहतो. नव्वदच्या पूर्वेला, म्हणजे अरुणाचलात हीच उलटापालट झाली, तर अक्षांश अशक्य होतो आणि सर्व्हर निदान तक्रार तरी करू शकतो. आपल्याकडे ती सोय नाही.

म्हणून तपासायचं कसं, ते आधी सांगतो. क्यूजीआयएसमध्ये `F12` दाबलं की डेव्हलपमेंट टूल्सची पट्टी उघडते, तिच्यात `Network Logger` आहे. तो सुरू करून नकाशा थोडा हलवला की `GetMap`ची, म्हणजे नकाशाच्या चित्राची, प्रत्येक मागणी पूर्ण पत्त्यासह दिसते. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. आवृत्ती कोणती, `BBOX`चे आकडे कोणत्या क्रमाने गेले, आणि उत्तर काय आलं. उत्तराचा कोड २००, म्हणजे मागणी यशस्वी, आणि प्रकार `image/png` असेल, तरी पडदा कोरा असेल, तर क्रमाचा संशय घ्यावा. चित्राऐवजी एक्सएमएल आलं असेल तर त्यात सर्व्हरने कारण लिहिलेलं असतं, ते वाचावं. आमच्या बाबतीत कोड २०० होता, चित्र पारदर्शक होतं, आवृत्ती १.३.० होती. मग तोच पत्ता ब्राउझरमध्ये उघडला आणि `BBOX`चे आकडे हाताने उलटे केले. बेट आणि मांडवीचं पात्र लगेच दिसलं. खात्री पटायला एवढं पुरेसं होतं.

उपाय तीन आहेत. पहिला कनेक्शनच्या खिडकीत आहे: `Ignore axis orientation (WMS 1.3/WMTS)` या चौकटीत टिक केली की क्यूजीआयएस ईपीएसजीचा क्रम बाजूला ठेवून रेखांश आधी पाठवतं. खालची `Invert axis orientation` ही चौकट क्रम सरसकट उलटा करते, ती उलट प्रकारच्या बिघाडासाठी आहे. दोन्हींवर एकदम टिक करू नये. इथे एक गोष्ट फार जणांना अडवते. टिक केल्यावर नकाशात आधीच घातलेली लेअर बदलत नाही, कारण जोडताना जी व्यवस्था होती ती लेअरच्या पत्त्यात कायमची लिहिली जाते. टिक करा, जुनी लेअर काढून टाका, आणि नव्याने घाला. आमच्या मित्राने टिक केलं, काही बदललं नाही, म्हणून काढलं, आणि अर्धी सकाळ दुसरी कारणं शोधण्यात गेली.

दुसरा उपाय म्हणजे पत्त्यालाच `VERSION=1.1.1` जोडणं. सर्व्हर ती आवृत्ती देत असेल तर क्रमाचा प्रश्नच उरत नाही. आवृत्ती सांगितली नाही तर मानकाप्रमाणे सर्व्हर आपली सर्वांत नवीन आवृत्ती देतो, म्हणून ती न मागताच १.३.० येते.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो. लेअर घालतानाच निर्देशांक पद्धत `EPSG:32643` निवडावी, म्हणजे यूटीएम या मीटरात मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर हा विभाग. संपूर्ण गोवा त्यात बसतो. त्या पद्धतीत ईपीएसजीचाच क्रम पूर्व आधी, उत्तर नंतर असा आहे, त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांत आकडे सारखेच जातात. पणजी तिथे पूर्वेला साधारण ३,७४,००० मीटर आणि उत्तरेला १७,१४,००० मीटरवर येते. अंतरही थेट मीटरात आणि क्षेत्रफळ चौरस मीटरात मिळतं. मर्यादा इतकीच की सर्व्हरच्या यादीत ही पद्धत असायला हवी.

सरकारी पोर्टलांत कोऱ्या पडद्याचं आणखी एक कारण असतं. नकाशाचा सर्व्हर आत कुठेतरी असतो आणि बाहेरून दुसरा सर्व्हर त्याच्याकडे मागण्या पाठवतो. आतल्या सर्व्हरला बाहेरचा पत्ता सांगितलेला नसला की तो आपल्या `capabilities` नावाच्या माहितीपत्रकात `http://localhost:8080/` असा पत्ता लिहून देतो. क्यूजीआयएस मग तुमच्याच संगणकावर नकाशा शोधतं. लॉगरमध्ये हा पत्ता दिसला की `Ignore GetMap/GetTile URI reported in capabilities` वर टिक करावी.

आता सरकलेल्या नकाशाचं. लेअर दिसते, पण तुमचे बिंदू सगळीकडे एकाच दिशेला, सारख्याच अंतराने बाजूला पडतात. याचं मूळ डब्ल्यूएमएसच्याही फार आधीचं आहे. भारताचे जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्टच्या १८३० सालच्या पृथ्वीगोलावर आधारलेले होते, आणि त्यांचा आरंभबिंदू मध्य भारतातलं कल्याणपूर. १९६१नंतर गोव्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाने काढलेल्या जुन्या शीटही त्याच चौकटीतल्या. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठीच्या ओपन सीरिज नकाशांना डब्ल्यूजीएस-८४ ही चौकट दिली, `EPSG:4326` तिच्यावरच बसलेली आहे. मोबाइलचा जीपीएसही तीच वापरतो. जुनी शीट ट्रेस करून तिच्यावर रूपांतर न करताच `EPSG:4326`चा शिक्का मारला, तर अक्षांश-रेखांशात मोजल्यावर गोव्यात साधारण दीडशे मीटरचा फरक पडतो. दिवाडीवर एवढ्याने मानस बांधावरून उचलून शेताच्या मधोमध किंवा नदीत जाते.

ओळखायला तीन लांब-लांबची ठिकाणं घ्यावीत. आम्ही टेकडीवरची पिएदादची इगर्ज, जुन्या गोव्याचा फेरीधक्का आणि शेजारच्या चोडण बेटाच्या बाजूचा एक बांध घेतला, आणि प्रत्येक ठिकाणी सरकलेलं अंतर व दिशा मोजली. तिन्हीकडे सारखंच आलं तर डेटमचा, म्हणजे या मूळ चौकटीचा, घोळ. ठिकाणागणिक वेगळं आलं तर मूळ ट्रेसिंगच वाकडं आहे.

इथे कुठल्याही टिकने काम होत नाही, कारण तुमच्याकडे आलं ते फक्त चित्र आहे, त्यातली रेघ हलवता येत नाही. पोर्टल त्याच नकाशाची रेषांची सेवा, म्हणजे डब्ल्यूएफएस, देत असेल तर ती घ्यावी, तिला एव्हरेस्टची पद्धत लावावी आणि मग रूपांतर करावं. नसेल तर लागेल तेवढा भाग चित्र म्हणून जतन करून `Georeferencer`मध्ये ओळखीच्या चार बिंदूंवर बसवावा. त्या चित्रावर सीमा किंवा क्षेत्रफळ ठरवू नये. सर्व्हे नंबरचा वाद असला तर जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा आणि खात्याचा मूळ आराखडाच लागतो. पोर्टलच्या संपर्कपत्त्यावर मात्र लॉगरमधला नेमका पत्ता आणि मोजलेलं अंतर लिहून पाठवावं. आम्ही पाठवलं तेव्हा `BBOX`च्या दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या आणि पुढे लिहिलं, पहिलीने बेट दिसतं, दुसरीने कोरा समुद्र.