माल देणार नाही म्हणाले, तारीख अजून लांब: करार मोडायचा की थांबायचं?

इंदूरला सियागंजातल्या व्यापाऱ्याचे दोन मेसेज डोळ्यांपुढे आणा. पहिला: ‘भाव बहुत बढ़ गए हैं, कुछ देखिए.’ दुसरा: ‘इस भाव में माल नहीं दे पाएंगे, आप कहीं और देख लो.’ पहिली नुसती कुरकुर आहे, तिच्याने करार मोडत नाही. दुसरा मात्र सरळ नकार आहे. पुरवठ्याची तारीख यायच्या आत असा नकार आला की त्याला मुदतपूर्व करारभंग म्हणतात. खरा घोळ याच्या पुढे आहे. नकारानंतर दोन वाटा फुटतात, आणि बहुतेक जण गप्प बसून दोन्ही वाटांवर पाय ठेवायला बघतात.

शेवेचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. 1 सप्टेंबरला करार झाला: बेसनाचे 100 कट्टे, कट्ट्याला 4,000 रुपये, माल 10 ऑक्टोबरला, पैसे माल आल्यावर. 15 सप्टेंबरला वरचा दुसरा मेसेज आला. त्या दिवशी बाजारभाव 4,300 होता. 10 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, तो 4,700 झाला.

पहिली वाट म्हणजे करार संपवणं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 39 आणि 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 60 ही मुभा देतात. काकूंनी 17 सप्टेंबरला कळवलं की करार संपला. भरपाईच्या दाव्यासाठी आता 10 ऑक्टोबरची वाट बघायला नको. त्यांनी दुसरीकडून 4,300 ने माल घेतला, तर कट्ट्यामागे 300, म्हणजे एकूण 30,000 रुपये मागता येतात. पण त्या माल न घेता हातावर हात ठेवून बसल्या आणि मग 10 ऑक्टोबरच्या भावाने 70,000 मागू लागल्या, तर अडचण आहे. नुकसान कमी करायला हाताशी काय उपाय होते हेही करार कायद्याच्या कलम 73 नुसार बघितलं जातं, आणि 4,300 चा माल तर समोरच होता. मागणी बहुधा 30,000 वर येऊन थांबेल. व्यापाऱ्याने 20 तारखेला ‘माल तयार है’ म्हणून टेम्पो दारात आणला तरी तो घ्यायचं बंधन मात्र काकूंवर उरत नाही.

दुसरी वाट करार जिवंत ठेवण्याची. ‘मला माल 10 तारखेला पाहिजे’ असं त्यांनी कळवलं, तर तारखेपर्यंत दुसरीकडे खरेदी करायची जबाबदारी येत नाही. 10 ऑक्टोबरला माल आला नाही की 4,700 उणे 4,000, गुणिले 100, असे 70,000 मागता येतात. आकडा बघून हीच वाट बरी वाटते, पण करार जिवंत राहतो तो दोघांसाठीही. व्यापाऱ्याने मन बदलून 10 तारखेला माल उतरवला, तर तो 4,000 ने घ्यावाच लागेल. भाव 3,900 पर्यंत उतरला, तर भावातल्या फरकाचं नुकसानच राहत नाही. आणि 5 ऑक्टोबरला एखाद्या सरकारी आदेशाने हा व्यवहारच बेकायदा ठरला, तर व्यापारी करार कायद्याच्या कलम 56 खाली सुटतो आणि 70,000 गेले ते गेले.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. 1855 च्या एव्हरी विरुद्ध बोडेन या इंग्रजी खटल्यात एक जहाज माल भरायला तेव्हाच्या रशियातल्या ओडेसा बंदरात थांबलं होतं. माल नाही, निघून जा, असं कप्तानाला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं, तरी तो मुदत संपायची वाट बघत राहिला. मुदतीतच रशियाशी युद्ध पुकारलं गेलं, माल भरणं बेकायदा झालं आणि जहाजमालकाच्या हाती काही लागलं नाही. नकार मिळताच करार संपवला असता तर चित्र निराळं असतं.

वाट निवडली हे नेहमी पत्रानेच ठरतं असंही नाही. कलम 39 शब्दांबरोबर वागणूकही मोजतं. नकारानंतर काकूंनी ‘टेम्पो कधी येईल?’ असं विचारलं, तर करार चालू ठेवायला त्यांची संमती आहे असा अर्थ निघू शकतो. आणि काहीच कळवलं नाही, तर व्यापाऱ्याला नकार मागे घ्यायला जागा राहते. एकदा संपवलेला करार मात्र एकटीच्या मर्जीने परत जिवंत होत नाही.

दिवाळीची शेव अंगावर असेल तर मी काकूंना पहिलीच वाट सांगेन. 17 तारखेचा मेसेज असा: ‘15 सप्टेंबरला तुम्ही माल देण्यास नकार दिला. तो धरून मी 1 सप्टेंबरचा करार आज संपवत आहे. माल दुसरीकडून घेत आहे, भावातला फरक तुमच्याकडून वसूल करीन.’ आणि नव्या खरेदीचं बिल त्याच दिवशी फाइलला लावायचं.