भागीदार वारला, पुढे काय? वारसांचा हिस्सा, कागदपत्रं आणि जिथे अर्ज अडतो त्या जागा

"दादा गेले, त्यांच्या जागी आता मुलाचं नाव लावा." दर महिन्याला एक तरी कुटुंब हे वाक्य घेऊन येतं. सोबत मृत्यू दाखला, मुलाचं आधार आणि कोऱ्या लेटरहेडवरचा अर्ज असतो. अर्ज परत येतो आणि कुटुंबाला वाटतं, बाबू लोक त्रास देतायत. कधी कधी देतातही. पण इथे दोष अर्जाच्या मुळातच असतो. सातबाऱ्यावर वारस लागतो तसा फर्ममध्ये लागत नाही.

भागीदारी कायदा १९३२ चा आहे. सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार आत येत नाही, हे कलम ३१ सांगतं. म्हणजे वडील गेले की मुलाला वडिलांची खुर्ची मिळत नाही, वडिलांचा हिशोब मिळतो. तो हिशोब मागण्याचा हक्क मात्र पक्का आहे, आणि लोक नेमके तोच सोडून खुर्चीसाठी भांडत बसतात.

सुरुवात मृत्यू दाखल्यापासून नको, भागीदारी पत्रापासून करा. ते तिजोरीत नसेल तर फर्मच्या सी.ए.कडे किंवा कर्ज देणाऱ्या बँकेत प्रत असते. फर्म नोंदणीकृत असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सच्या नोंदवहीचा उताराही मागता येतो, पण त्यात भागीदारांची नावं आणि तारखा असतात, अटी नसतात. पत्रात एकच वाक्य शोधायचं: भागीदाराच्या मृत्यूने फर्म बंद होणार नाही, असं लिहिलंय का? लिहिलं नसेल तर कलम ४२ प्रमाणे मृत्यूच्या दिवशीच फर्म विसर्जित झाली, मग दुकानाचं शटर रोज उघडत का असेना.

भागीदार दोघेच असतील तर ते वाक्य असूनही उपयोग नाही. एकट्याची भागीदारी होत नाही, त्यामुळे दोघांतला एक गेला की फर्म संपली. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६५ सालीच स्पष्ट केलंय. तरीही "मृत्यूनंतर वारस आपोआप भागीदार होईल" हे वाक्य दोघांच्या पत्रांत टाइप होत राहतं. ते वारसावर बंधनकारक नाही. तो आला आणि उरलेल्याने घेतला तर ती नवी भागीदारी, नव्या पत्राने.

आता वारस कोण, हा प्रश्न. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. मुलीचं लग्न झालंय की नाही, याने काही फरक पडत नाही. आणि आई. दर दुसऱ्या अर्जात आई गायब असते. "ती तर आमच्याकडेच राहते" असं उत्तर मिळतं. राहू दे, तिची सही लागते. इतर धर्मीयांचे वाटे वेगळे पडतात. आणि भागीदार एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून फर्ममध्ये असेल तर सगळं गणितच बदलतं. पत्रात नावापुढे "कर्ता" लिहिलंय का, ते आधी पाहा.

वारस असल्याचा पुरावा म्हणून लोक तलाठ्याकडची वारस नोंद आणतात. ती जमिनीसाठी आहे. फर्मच्या पैशासाठी कुणी ठाम कागद मागितला तर तो दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला. त्यासाठी अर्ज करावा लागतो, जाहीर नोटीस निघते, काही महिने जातात. म्हणून पहिल्याच महिन्यात अर्ज टाका, हिशोबाचं बोलणं चालू राहू दे. उरलेले भागीदार आणि सगळे वारस एकमतात असतील तर आपापसांत प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्रावरही काम भागतं. नॉमिनी म्हणून एकाचं नाव असणं म्हणजे तो मालक नव्हे. तो पैसे हातात घेईल, पण वाटणी वारसांतच होते.

एक किरकोळ वाटणारी अडचण महिनोनमहिने खाते: नावाची. भागीदारी पत्रात "आबासाहेब", आधारवर जन्मनाव, मृत्यू दाखल्यावर तिसरंच काहीतरी. हे तिघे एकच, असं प्रतिज्ञापत्र आणि त्याला जोडायला एखादा जुना कागद, शाळेचा दाखला किंवा पॅन, आधीच करून ठेवा.

इथून पुढे खरा पैसा आहे, म्हणून एक हिशोब पूर्ण मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत. तीन भावांची फर्म, पाइप आणि मोटारींचा व्यापार. थोरल्याचा वाटा ४० टक्के, बाकी दोघांचा ३० टक्के प्रत्येकी. थोरले १४ ऑगस्टला गेले. धाकट्यांनी वहिनींपुढे मार्चचा ताळेबंद ठेवला. "भांडवल खात्यात नऊ लाख आहेत, हे घ्या आणि सही करा."

पहिली चूक तारखेची. हिशोब ३१ मार्चचा नाही, १४ ऑगस्टचा हवा. मधल्या साडेचार महिन्यांचा नफा, थोरल्यांची उचल, सगळं त्यात आलं पाहिजे. समजा तो ताळेबंद केला आणि योगायोगाने थोरल्यांचं भांडवल नऊ लाखच राहिलं, धाकट्यांचं सहा-सहा. एकूण २१ लाख. समोर माल १८ लाख, येणी १२, बँकेत ३ आणि गोदाम २ लाख, म्हणजे ३५. त्यातून बँकेचं कर्ज ८ आणि व्यापाऱ्यांची देणी ६ वजा. आकडा जुळतो.

दुसरी चूक त्या गोदामाच्या ओळीत आहे. दोन लाख ही खरेदीची, घसारा जाऊन उरलेली किंमत. मूल्यांककाने आज ४२ लाख सांगितली. म्हणजे वाढ ४० लाख. १२ लाखांच्या येण्यांत २ लाख अशा गिऱ्हाइकांकडे, जे आता फोनही उचलत नाहीत. ते वजा. तिसरी गोष्ट गुडविल, म्हणजे दुकानाचं नाव. ते ताळेबंदात नसतं, म्हणून "नाहीच" असं सांगितलं जातं. पत्रात वेगळं ठरलं नसेल तर गुडविल ही फर्मची मालमत्ता आहे आणि मृताच्या वारसांचा त्यात वाटा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सांगितलंय. दोघा धाकट्यांनी आणि वहिनींनी मिळून ते १२ लाख धरलं.

चाळीस वजा दोन अधिक बारा, एकूण ५० लाख. त्याचे ४० टक्के म्हणजे २० लाख. त्यात भांडवलाचे नऊ मिळवले की २९ लाख. देऊ केले होते नऊ. वारस चार: पत्नी, मुलगा, मुलगी, आई. प्रत्येकी सव्वासात लाख. थोरल्यांनी फर्मला स्वतंत्र कर्ज दिलं असेल तर ते याच्या बाहेर, भांडवलाच्या आधी परत मिळायचं. ते खातं वेगळ्या पानावर असतं आणि दाखवायचं "राहून जातं".

यात वारसांनीही एक समजून घ्यावं. गोदामाचा कोपरा किंवा शेल्फवरचा माल मागता येत नाही. मिळतो तो पैशातला हिस्सा. आणि भागीदारी पत्रात "पुस्तकी किमतीनेच हिशोब होईल" अशी अट थोरल्यांनी स्वतः सही करून मान्य केली असेल, तर वरचं गणित बरंचसं कोसळतं. म्हणून आधी पत्र वाचा म्हणतो.

पैसे लगेच मिळत नाहीत, धंदा त्याच पैशावर चालू राहतो. त्यासाठी कलम ३७ आहे. अंतिम हिशोब न करता उरलेल्यांनी धंदा चालवला तर वारसांनी निवडायचं: त्यांच्या हिश्शाच्या वापरामुळे झालेला नफा, किंवा वर्षाला सहा टक्के व्याज. वरच्या उदाहरणात व्याज वर्षाला १ लाख ७४ हजार. नफा म्हणजे नफ्याचे सरळ ४० टक्के नव्हेत, कारण राबणाऱ्या भावांच्या कष्टाचा भाग त्यातून बाजूला निघतो. ते सिद्ध करणं अवघड, म्हणून बहुतेक जण व्याजावर येतात. पत्रात हिस्सा विकत घेण्याचा हक्क उरलेल्यांना असेल आणि त्यांनी तो रीतसर वापरला असेल तर हा पर्याय उरत नाही.

तेराव्याच्या आसपास एक कागद पुढे येतो: "आमचा फर्मवर काहीही हक्क राहिला नाही." वहिनी रडत असतात, दीर जवळचे असतात, सही होते. तो कागद मोडायला नंतर कोर्ट लागतं. मृत्यूच्या तारखेचा ताळेबंद हातात आल्याशिवाय कुठल्याही हक्कसोडीवर किंवा "हिशोब पूर्ण मिळाला" अशा पावतीवर सही करू नका. काही रक्कम लगेच हवी असेल तर घ्या, पावतीवर "हिशोबापोटी आगाऊ" असं लिहा.

मुदत सगळ्यात जास्त चुकते. विसर्जित फर्मचा हिशोब मागण्याचा दावा तीन वर्षांत टाकावा लागतो, आणि ही तीन वर्षं विसर्जनापासून मोजतात. म्हणजे बहुतेकदा मृत्यूच्या तारखेपासून. भाऊ "नाही" म्हणाला त्या दिवसापासून नव्हे, वारस दाखला हातात पडल्यापासूनही नव्हे. "हंगाम होऊ दे, मग बसू" यात दोन वर्षं सहज जातात आणि तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत देणं लेखी मान्य केलेलं, सही असलेलं पत्र मिळवलं तर त्या सहीपासून मुदत नव्याने सुरू होते. फर्म पुढे चालू राहील असं पत्रात असलं तरी पहिला दिवस मृत्यूचाच धरून चाला. फर्म नोंदणीकृत नाही म्हणून वारसांचा दावाच चालत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विसर्जित फर्मच्या हिशोबाला कलम ६९ मध्येच सूट आहे.

वारसाला खरंच आत यायचं असेल आणि बाकीचे राजी असतील तर नवं भागीदारी पत्र करा. त्याचं वय १८ च्या आत असेल तर तो भागीदार होत नाही, फक्त नफ्याच्या लाभात घेता येतो. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने राहायचं की नाही याची जाहीर नोटीस द्यावी लागते. गप्प बसला तर तो भागीदार धरला जातो आणि लाभात घेतल्या दिवसापासूनची देणी अंगावर येतात. अठराव्या वाढदिवसाची तारीख आजच वहीत लिहा.

फर्मची बाजू थोडक्यात. महाराष्ट्रात नोंदणीकृत फर्मने बदलाची सूचना रजिस्ट्रारकडे ९० दिवसांत द्यायची, उशिराला दंड आहे. जीएसटीवर भागीदाराचं नाव काढायला REG-14 हा बदलाचा अर्ज, १५ दिवसांत. दोघांतला एक गेला असेल तर REG-14 चालत नाही, कारण फर्मचं पॅनच संपतं. उरलेल्याला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते. जुन्या क्रमांकावर बिलं फाडत राहिलेले मी पाहिलेत, त्यांचं निस्तरणं हिश्शाच्या भांडणापेक्षा लांबलं.

आणि बँकेला पत्र, पहिल्याच आठवड्यात. मृत्यूनंतर फर्मने केलेल्या देण्यांना मृताची मालमत्ता जबाबदार नसते, पण मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या देण्यांना असते. म्हणून कॅश क्रेडिट खात्याची त्या दिवसाची बाकी लेखी मागा, आणि थोरल्यांनी वैयक्तिक हमी दिली होती का, ते विचारा. हमी असेल तर मृत्यूची तारीख कळवून पुढच्या व्यवहारांना ती लागू नाही असं लिहा, आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख असलेली प्रत. मॅनेजरने मान डोलावली ती नव्हे.