तपासणी अहवाल आला, आता बैठकीत काय ठेवायचे?

(शिक्षण संस्थांचे अध्यक्ष, चिटणीस आणि व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी माहितीपत्रक)

अमळनेरला आमचे छोटे कार्यालय आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शिक्षण संस्थांची बैठकीची कागदपत्रे आम्ही तयार करून देतो. त्यात सर्वांत जास्त विचारणा होते ती शाळा तपासणीच्या अहवालाच्या सारांशाची. हे काम आम्ही कसे करतो ते इथे सांगितले आहे. वाचून तुम्हाला ते स्वतः करता आले, तरी आम्हाला आनंदच आहे.

बहुतेक संस्थांत अहवाल बैठकीत पहिल्या पानापासून वाचला जातो. सदस्यांत कुणी केळीचे बागायतदार असतात, कुणाचे कापसाचे दुकान असते, कुणी निवृत्त शिक्षक असतात. "आढळून आले", "दक्षता घ्यावी", "पूर्तता सादर करावी" अशी वाक्ये वीस पाने चालली की शेवटी एखादे ज्येष्ठ सदस्य विचारतात, "आते काय करनं शे, ते सांगा." सारांशाने याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. ते दोन पानांत बसायला हवे आणि त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे अहवालातले पान आणि शेरा क्रमांक असायला हवा. क्रमांक नसेल तर ती ओळ अधिकाऱ्यांची आहे की कारकुनाची, हे कुणालाच सांगता येत नाही.

पुढचे उदाहरण चोपडा तालुक्यातल्या पाचवी ते दहावीच्या एका अनुदानित शाळेचे आहे. शाळा ओळखू येऊ नये म्हणून आकडे आणि तारखा बदलल्या आहेत. अहवाल २३ पानांचा होता आणि त्यात ३१ शेरे होते.

आधी तारीख

अहवाल उघडण्यापूर्वी आम्ही सोबतचे पत्र वाचतो. या पत्रावर १८ डिसेंबर ही तारीख होती आणि "पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पूर्तता अहवाल सादर करावा" असे लिहिले होते. शाळेच्या आवक नोंदवहीत पत्राची नोंद २४ डिसेंबरला झाली होती. म्हणजे मुदत २३ जानेवारीपर्यंत होती. पत्रावरच्या तारखेपासून मोजले असते तर ती १७ जानेवारी ठरली असती. एवढ्या फरकावरून वाद होतात, म्हणून आवक शिक्क्याची छायाप्रत सारांशाला जोडलेली बरी. पत्रात "मिळाल्यापासून" असे स्पष्ट नसेल, तर आम्ही दोन्हींपैकी आधी संपणारी मुदत धरतो.

तिथून मागे मोजत येतो. कागद अध्यक्षांच्या सहीला जायचे, संक्रांत मध्ये येते, जानेवारीत स्नेहसंमेलनात शिक्षक गुंतलेले असतात. म्हणून सगळे पुरावे फाइलला लागण्याची तारीख आम्ही १९ जानेवारी धरली. बैठक २ जानेवारीला ठेवायची होती. संस्थेच्या घटनेत सात दिवसांची सूचना सांगितलेली होती, म्हणून सूचनापत्र २६ डिसेंबरच्या आत निघणे भाग होते. अहवाल आल्यावर दोन दिवसांत सूचनापत्र काढावे लागते, हे त्या चिटणीसांना आम्ही सांगेपर्यंत लक्षात आले नव्हते.

काही शेऱ्यांपुढे मुदतच नसते. "त्वरित", "यापुढे", "शक्य तितक्या लवकर" एवढेच लिहिलेले असते. तिथे तारीख समितीने ठरवायची. पण सारांशात "अहवालातील मुदत" आणि "समितीने ठरवलेली मुदत" हे दोन वेगळे रकाने ठेवा. एकाच रकान्यात घातले की आपणच ठरवलेली तारीख पुढच्या वर्षी शासनाने दिलेली वाटू लागते, आणि शासनाने दिलेली तारीख आपल्याला बदलता येईल असे वाटू लागते.

एक शेरा म्हणजे एक त्रुटी, असे नसते

शेरे मोजले की सारांश झाला, असे समजून काम बिघडते. या अहवालात पान ६ वर "मुलींच्या स्वच्छतागृहात पाण्याची सोय अपुरी" असे होते. पान ११ वर "हात धुण्याच्या जागी नळांना पाणी नव्हते" आणि पान १७ वर "पोषण आहार शेडमध्ये पाणी उघड्या ड्रममध्ये साठवलेले" असे होते. कारकुनाने केलेल्या कच्च्या यादीत ह्या तीन त्रुटी होत्या आणि तीन शिक्षकांकडे वाटून दिलेल्या होत्या. आम्ही मुख्याध्यापकांना एकच विचारले: नळ सकाळपासून कोरडे असतात की ठरावीक वेळेनंतर? उत्तर आले, मधल्या सुट्टीनंतर. गच्चीवरची टाकी निम्म्या उंचीवर तडकली होती, त्यामुळे ती कधी पूर्ण भरतच नव्हती. तिन्ही शेऱ्यांचे मूळ तेच होते. समितीपुढे मग एकच ठराव गेला: टाकी बदलणे.

यातली एक खबरदारी महत्त्वाची आहे. टाकीची तड अहवालात कुठेही लिहिलेली नव्हती. म्हणून सारांशात शेरे अधिकाऱ्यांच्या शब्दांत आले आणि तडीची माहिती "मुख्याध्यापकांकडून कळलेले" अशा वेगळ्या ओळीत आली.

कधी याच्या उलट घडते. "वर्गखोली क्र. २ चे छत गळते, त्वरित दुरुस्ती करावी" हा शेरा एक, पण कामे दोन. डिसेंबरात छत गळत नाही, ओल आणि सुटलेला गिलावा दिसतो. गिलावा मुलांच्या डोक्यावर पडू शकतो, म्हणून वर्ग दुसऱ्या खोलीत हलवणे हे पहिले काम. ते मुख्याध्यापकांच्या अधिकारातले आहे आणि दुसऱ्याच दिवशी होऊ शकते. दुसरे काम दुरुस्तीचे. त्याला दरपत्रके, संस्थेचा पैसा आणि ठराव लागतो. आपल्याकडे मे महिन्यात सिमेंटच्या कामाला पाणी मारणे अवघड होते, ऊन कडक आणि पाण्याची टंचाई. म्हणून समितीने मार्चअखेरची मुदत ठरवली. पूर्तता अहवालात मग "दुरुस्ती करण्यात येत आहे" असे मोघम वाक्य लिहावे लागले नाही. वर्ग हलवल्याची तारीख, ठराव क्रमांक आणि काम पूर्ण होण्याची तारीख लिहिली.

५७ किलो तांदूळ

या अहवालातला सर्वांत नाजूक शेरा पान १४ वर होता. पोषण आहाराच्या साठा नोंदवहीत तांदूळ २३९ किलो आणि प्रत्यक्ष वजन १८२ किलो. फरक ५७ किलो.

कच्च्या यादीत याचे "पोषण आहाराच्या नोंदी अद्ययावत कराव्यात" एवढेच झाले होते. हे लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, शाळेची अब्रू राखावी असे त्याला वाटले. पण अध्यक्षांना आकडा कळला नाही तर ते सही कशावर करतात? दुसरीकडे एका सदस्यांनी थेट अफरातफर हा शब्द काढला. अहवालात तो नव्हता. सारांशात आकडे जसेच्या तसे यावेत, त्यांचा अर्थ लावू नये.

अर्थ शोधायचा तो कागदांतून. पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ असे प्रमाण आहे. त्या आठवड्यातली नेहमीची हजेरी पाचवीत ३६ आणि सहावी ते आठवीत १६६ होती. म्हणजे ३.६ आणि २४.९ मिळून दिवसाला २८.५ किलो. ५७ किलो हा दोन दिवसांचा तांदूळ झाला. चव नोंदवही पाहिली, तर तपासणीच्या आधीच्या दोन दिवशी अन्न शिजल्याच्या सह्या होत्या, पण साठा नोंदवहीत त्या दोन दिवसांचा खर्च टाकलेला नव्हता. हिशेब जुळला. तो जुळला नसता तर सारांशात "फरकाचे कारण सापडलेले नाही" असेच लिहिले असते.

नोंद राहिली असेल तर मागची तारीख टाकून ती भरू नका. अधिकाऱ्यांनी ते पान पाहिलेले असते, बहुतेक वेळा त्यावर सहीही केलेली असते. आजच्या तारखेने, राहिलेल्या दोन दिवसांचा उल्लेख करून, मुख्याध्यापकांच्या सहीने खुलाशाची नोंद करा आणि चव नोंदवहीच्या व हजेरीच्या प्रती जोडा.

जमेच्या बाजू

इथे बहुतेक सारांश "परिसर स्वच्छ, शिस्त चांगली" यावर थांबतात. असे वाक्य कुठल्याही शाळेला लागू पडते, म्हणून समितीला त्याचा उपयोग नाही. अधिकाऱ्यांनी जे मोजले किंवा करून पाहिले, तेच आम्ही जमेला धरतो. इथे पाचवीच्या वर्गात ३८ मुलांकडून परिच्छेद वाचून घेतला होता आणि ३१ जणांनी तो न अडखळता वाचला होता. ही खरी जमेची बाजू. ती कशामुळे साधली हेही आम्ही विचारले. रोज परिपाठानंतर वीस मिनिटे वाचन घेणाऱ्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. तो तास पुढे कोण घेणार, हे समितीला आताच ठरवता आले.

त्याच वाक्यात एक त्रुटीही आहे. सात मुले वाचू शकली नाहीत. अहवालात त्यांच्यासाठी वेगळा शेरा नव्हता, मुदत नव्हती. आम्ही ती ओळ दोन्हीकडे लिहितो: ३१ जमेला, ७ त्रुटीत. मुलांची नावे मात्र सारांशात घेत नाही, ती वर्गशिक्षकांकडे राहतात. रॅम्प आणि अग्निशामक नळकांड्यांना बैठकीत भरपूर वेळ जातो. या सात मुलांसाठीही पाच मिनिटे मिळावीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

तयार ओळ कशी दिसते

पाण्याची ओळ शेवटी अशी झाली:

त्रुटी: स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा व आहार शेड येथे पाणी अपुरे (पान ६, ११, १७, शेरे ८, १५, २३).
कळलेले कारण: गच्चीवरची टाकी तडकलेली (मुख्याध्यापकांकडून).
कोण करणार: मुख्याध्यापक. मंजुरी: समिती, २ जानेवारी.
मुदत: अहवालातील २३ जानेवारी, समितीची १२ जानेवारी.
पुरावा: बिल, साठा नोंद, दुपारी दोन वाजता तिन्ही ठिकाणचे नळ सुरू असल्याचे छायाचित्र.

सगळ्यांत जास्त विसरला जातो तो पुरावा. टाकीचे छायाचित्र पुरेसे नाही, कारण तक्रार टाकीची नव्हती. दुपारी नळाला पाणी नव्हते, म्हणून दुपारचे पाणीच दाखवायचे.

आमच्याकडे येताना

अहवालाची पूर्ण प्रत, सोबतचे पत्र, आवक नोंदवहीच्या त्या पानाची छायाप्रत आणि मागच्या तपासणीचा पूर्तता अहवाल आणा. मागच्या वेळी "पूर्तता केली" असे लिहिलेला शेरा यंदा पुन्हा आला असेल, तर तो आम्ही सर्वांत वर घेतो. कागद पूर्ण असतील तर सारांश तीन दिवसांत देतो. शुल्क पाने पाहून आधीच सांगतो. न झालेल्या कामाची पूर्तता आम्ही लिहून देत नाही आणि संस्थेच्या वतीने शिक्षण कार्यालयात बोलायलाही जात नाही. ते मुख्याध्यापक आणि चिटणीसांनीच करायचे. बैठकीला आमचा माणूस हवा असेल, तर सूचनापत्र काढण्याआधी तारीख कळवा.