राजकन्येचं शिरोभूषण आणि साधूंची काठी: रेशीमचोरीच्या दोन गोष्टी

चीनच्या राजकन्येने केसांत लपवून रेशमाचे किडे बाहेर नेले आणि पुढे साधूंनी ते पोकळ काठीत घालून रोमच्या बादशहाला दिले, अशी एक गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. ती एकाच दमात सांगितली जाते. खरं तर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक खोतानची आणि दुसरी पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीची, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची. दोन्ही शहरांमध्ये हजारो मैलांचं अंतर आहे, दोन्हीकडे नेलेला माल वेगळा होता आणि त्यातून निघालेलं रेशीमही वेगळं.

पहिली गोष्ट आपल्यापर्यंत पोचवली ह्युएनत्संगाने. महाराष्ट्राचं आणि पुलकेशीच्या राज्याचं वर्णन करणारा तो हाच चिनी भिक्षू. भारतातून परत जाताना, 644च्या सुमारास, तो मध्य आशियातल्या तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेवरच्या खोतानला थांबला आणि तिथे ऐकलेली कथा त्याने लिहून ठेवली. खोतानकडे तुती नव्हती, रेशीमकिडे नव्हते. राजाने ‘पूर्वेकडच्या देशा’कडे ते मागितले. त्या राजाने साफ नकार दिला, वर सीमेवरच्या पहारेकऱ्यांना सक्त ताकीद दिली. मग खोतानच्या राजाने त्याची मुलगी मागितली. वधूला आणायला गेलेल्या दूताने तिच्या कानावर घातलं की, आमच्याकडे रेशीम नाही, उंची वस्त्रं नेसायची असतील तर तुम्हीच बी-बियाणं घेऊन या. तिने तुतीचं आणि रेशीमकिड्यांचं बी शिरोभूषणात दडवलं. पहारेकऱ्यांनी सगळं सामान तपासलं, पण राजकन्येच्या डोक्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

इथे ‘पूर्वेकडचा देश’ हे शब्द नीट वाचायला हवेत. ह्युएनत्संग स्वतः चिनी होता, तरी त्याने या देशाला चीन म्हटलेलं नाही. राजकन्या चीनचीच होती, हे पुढच्या तिबेटी परंपरेत येतं.

दुसरी गोष्ट प्रोकोपियसची. तो सम्राट जस्टिनियनच्या काळातला इतिहासकार, म्हणजे घटनेचा समकालीन. साधारण 552च्या सुमारास भारतातून आलेले काही साधू बादशहाला भेटले. आपण ‘सेरिंडा’ नावाच्या देशात बराच काळ राहिलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. जिवंत किडे इतक्या लांब आणता येणार नाहीत, पण अंडी आणता येतील, आणि ती शेणात पुरून ऊब दिली की फुटतात, हेही सांगितलं. बादशहाने मोठ्या बक्षिसाचा शब्द दिला. साधू पुन्हा गेले आणि अंडी घेऊन आले.

यात काठी कुठे आहे? प्रोकोपियसकडे ती नाहीच. काठी येते थिओफेनीस नावाच्या दुसऱ्या लेखकाकडून. त्याच्या मते अंडी साधूंनी आणलीच नव्हती. एका इराणी माणसाने ती वनस्पतीच्या पोकळ दांड्यात घालून आणली. दोन लेखकांचे दोन तपशील कुणीतरी जोडले आणि काठीवाले साधू तयार झाले. पकडले गेल्यास देहदंड, हा तपशीलही या तिन्ही लेखनांत सापडत नाही.

आता मालाकडे बघू, कारण खरा फरक तिथे आहे. राजकन्येने दोन गोष्टी नेल्या: झाड आणि किडा. साधूंनी एकच. भूमध्य समुद्राकाठी काळी तुती आधीपासून होती आणि तिचा पाला किड्याला चालतो. विणकरही होते. बैरूत आणि टायरमध्ये परदेशातून आलेल्या धाग्यावर विणकाम चालायचं. हा धागा इराणी व्यापाऱ्यांच्या हातून यायचा आणि इराणशी तर सतत लढाया. म्हणजे रोमकडे माग होता, झाड होतं, गिऱ्हाईक होतं. फक्त अंडी नव्हती. खोतानला मात्र सगळंच शून्यातून उभं करायचं होतं. ह्युएनत्संगाने लिहिलंय की, पहिल्या हंगामात तुती लहान असल्याने किड्यांना इतर झाडांचा पाला घालावा लागला. रेशीमपालन करणारा कुणीही शेतकरी हे वाचून हळहळेल. एका मादीची अंडी म्हणजे एक अंडीपुंज, आणि आपल्याकडे अशा 100 अंडीपुंजांच्या एका बॅचला टनभर तरी पाला लागतो आणि तो तुतीचाच लागतो. लागवड आधी आणि अंडीपुंज नंतर, हा साधा क्रम खोतानला जमवता आला नाही, कारण दोन्ही एकाच डोक्यावर बसून आले होते.

अंडी इतक्या लांब टिकली कशी, हा प्रश्न मला चोरीपेक्षा जास्त ओढतो. थंड प्रदेशातल्या रेशीमकिड्याची वर्षाला एकच पिढी होते. मादी उन्हाळ्याच्या सुमारास चारपाचशे अंडी घालते. ती सुरुवातीला पिवळी असतात आणि काही दिवसांत राखाडी-जांभळी होतात. रंग बदलला म्हणजे आतला जीव झोपी गेला. तो हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय उठत नाही. वाहून न्यायला हाच काळ मिळतो, आठ-दहा महिन्यांचा. पण थंडी सरली आणि ऊब लागली की दहा-बारा दिवसांत अंडी फुटायला येतात. प्रत्येक अंड्यात काळा ठिपका दिसू लागतो, ते अळीचं डोकं. तेव्हा वाटेत असलात तर सगळं संपलं. बाहेर आलेल्या अळीला लगेच कोवळा पाला हवा, नाहीतर ती एकदोन दिवसांत मरते. कुजणारं शेण गरम राहतं, म्हणून साधूंचा उपाय पटण्यासारखा आहे. थिओफेनीसही सांगतो की, अंडी वसंताच्या तोंडावर तुतीच्या पानांवर ठेवली. मुक्कामी पोचल्यावर, पालवी फुटायच्या बेताला, ऊब द्यायची. सगळी कसोटी या वेळेची होती.

पुढे काय झालं, तिथेही दोन्ही वाटा फुटतात. खोतानची राणी झालेल्या या राजकन्येने शिलालेख कोरून घेतला: किडा मारायचा नाही, पतंग उडून गेल्यावरच कोष वापरायचा. बौद्ध राज्याला ते शोभणारं होतं. पण पतंग कोष भिजवून, फोडून बाहेर येतो, आणि फुटक्या कोषातून शेकडो मीटरचा सलग धागा निघत नाही. तुकडे पिंजून कापसासारखे कातावे लागतात. कापड जाडसर, मंद चकाकीचं होतं. म्हणजे गुपित खोतानला पोचलं, पण चिनी रेशमाची ती झळाळी त्यांनी स्वतःच सोडली. 1900 साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला जवळच्या दंदान-ओइलिकच्या अवशेषांत एक रंगवलेली लाकडी पाटी मिळाली. तीत एक स्त्री राजकन्येच्या शिरोभूषणाकडे बोट दाखवते आहे, समोर कोषांची टोपली आहे. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये अडचण निराळी होती. अंडी येण्याआधीच जस्टिनियनने रेशमाचा भाव पौंडाला आठ सुवर्णनाण्यांवर बांधला होता, व्यापारी आणि विणकर बुडाले, आणि धंदा सरकारी हातात गेला. अंडी आल्यानंतरही पाला आणि कोष वाढायला वर्षं लागतात, त्यामुळे बाहेरचा धागा लगेच बंद झाला नाही.

‘सेरिंडा’ म्हणजे कुठलं ठिकाण, यावर अभ्यासकांचे अनेक अंदाज आहेत आणि त्यांत खोतानचंही नाव घेतलं जातं. तसं असेल तर साधूंनी नेलेली अंडी राजकन्येच्या शिरोभूषणातल्या बियाण्याचीच वंशज ठरतील. ते सिद्ध झालेलं नाही, पण दोन्ही कथा एकमेकींत मिसळण्याला तेवढा तरी आधार आहे.

568मध्ये मध्य आशियातल्या तुर्की खानाच्या वतीने, तिथल्याच सोग्दियन लोकांपैकी मनियाख नावाचा व्यापारी कॉन्स्टँटिनोपलला आला. त्याआधी हे व्यापारी रेशीम विकायला इराणमध्ये गेले होते, तर इराणच्या राजाने त्यांचा माल विकत घेऊन त्यांच्यासमोर जाळला होता. म्हणून त्यांनी रोमचा थेट रस्ता धरला. थिओफेनीस लिहितो की, जस्टिनियननंतर आलेल्या नव्या सम्राटाने तुर्कांना रेशीमकिडे आणि धाग्याचं काम दाखवलं, आणि ते पाहून पाहुणे थक्क झाले.